कोयता, पडाव आणि बीपीची गोळी

दिवाळी आटोपली की नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्यासारख्या गावांमधून गुजरातकडे जाणाऱ्या गाड्या भरू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी दक्षिण गुजरातेत बारडोली, मढी, चलथाण, सायण, गणदेवी या कारखान्यांच्या परिसरात ऊस तोडायला जातात. नवरा कोयता चालवतो, बायको मोळ्या बांधते आणि शेताच्या कडेला प्लास्टिक-ताडपत्रीच्या झोपड्यांचा पडाव पडतो. धान्य, भांडी, जळण, अंथरूण सगळं बरोबर नेलं जातं. या सामानात एक वस्तू बहुतेक वेळा मोजून घेतलेली नसते, ती म्हणजे बीपीच्या गोळ्या. महिनाभराच्या गोळ्या पिशवीत असतात आणि मुक्काम असतो पाच महिन्यांचा.

खंड पडतो तो इथे. गोळ्या महाग म्हणून बंद झाल्या, असं घरोघर सांगितलं जातं. प्रत्यक्षात रक्तदाबाची पहिल्या फळीतली औषधं आज फार स्वस्त आहेत, सरकारी केंद्रात तर मोफत. अडचण असते ती एका ठिकाणची गोळी संपल्यावर दुसऱ्या ठिकाणी तीच गोळी ओळखून मिळवण्याची. निघण्याआधी तासभर नीट हिशेब केला, तर यातली बरीचशी अडचण घरीच सुटते.

आधी औषधांची ओळख. नोव्हेंबर 2017 मध्ये देशात भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात त्यासाठी प्रथम भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे घेतले गेले, नंतर काम आणखी जिल्ह्यांत पसरलं. या उपक्रमाने केलेली मोठी गोष्ट म्हणजे औषधांची यादी छोटी आणि ठरावीक केली. बहुतेक रुग्णांची सुरुवात अ‍ॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅमने होते. दाब 140/90 च्या खाली आला नाही तर टेल्मिसार्टन 40 जोडलं जातं, मग मात्रा वाढवली जाते आणि तरीही गरज पडली तर क्लोरथॅलिडोन हे लघवी वाढवणारं औषध येतं. तीन औषधं आणि त्यांच्या ठरलेल्या मात्रा. यादी छोटी असल्यामुळे केंद्राला साठा ठेवणं सोपं जातं, आणि रुग्णालाही आपण काय घेतो ते लक्षात ठेवता येतं. बीपीच्या रुग्णाला आपल्या औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा पाठ असला पाहिजे. ‘पांढरी छोटी गोळी’ एवढ्यावर परगावी काहीच मिळत नाही, कारण प्रत्येक कंपनीची गोळी वेगळ्या रंगाची आणि आकाराची असते.

आता हिशेब. समजा, धानोऱ्यातली पन्नाशीची एक बाई रोज एक अ‍ॅम्लोडिपिन 5 आणि एक टेल्मिसार्टन 40 घेते आणि तिचा दाब आटोक्यात आहे. मुक्काम पाच महिन्यांचा, म्हणजे 150 दिवस. परतायला उशीर होतो, एखादी स्ट्रिप भिजते, हरवते, म्हणून दहा दिवस वरचे धरावेत. प्रत्येक औषधाच्या 160 गोळ्या झाल्या. आरोग्य केंद्रातून एरवी 30 दिवसांच्या गोळ्या मिळतात. पण दाब आटोक्यात असलेल्या रुग्णाला दर महिन्याला तपासावंच लागतं असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचना अशा रुग्णाची भेट तीन ते सहा महिन्यांनी चालते असं सांगतात. कोविडच्या टाळेबंदीत अनेक ठिकाणी महिन्याहून जास्त काळाच्या गोळ्या एकदम दिल्या गेल्या होत्या. त्यामुळे वैद्यकीय अधिकाऱ्यांना किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना ‘ऊसतोडीला जातोय, होळीपर्यंत येणार नाही’ असं स्पष्ट सांगून जास्त दिवसांच्या गोळ्या मागायला काहीच हरकत नाही. मात्र हे निघण्याच्या आदल्या दिवशी सांगून उपयोग नाही. साठा मागवायला केंद्रालाही वेळ लागतो, म्हणून दसऱ्याच्या सुमारासच ही गोष्ट कानावर घालावी. गावातल्या आशाताईंना कोण कधी जाणार हे माहीत असतं, त्यांच्यामार्फत निरोप लवकर पोहोचतो.

केंद्राने दोन महिन्यांच्या, म्हणजे 60 गोळ्या दिल्या असं धरू. उरल्या प्रत्येकी शंभर, म्हणजे दहा-दहाच्या दहा स्ट्रिप. जनऔषधी केंद्रात अ‍ॅम्लोडिपिन 5 ची दहा गोळ्यांची स्ट्रिप साधारण 5-6 रुपयांना आणि टेल्मिसार्टन 40 ची 12-13 रुपयांना मिळते. दोन्ही मिळून शंभर दिवसांचा खर्च दोनशे रुपयांच्या आतबाहेर होतो. हेच टेल्मिसार्टन नामांकित ब्रँडचं घेतलं तर एकेका गोळीलाच सात-आठ रुपये पडू शकतात, आणि तेवढ्याच दिवसांना एकट्या त्या औषधाचे सात-आठशे होतात. किमती बदलत राहतात, म्हणून विकत घेताना स्ट्रिपवरची छापील किंमत पाहावी. जवळचं केंद्र कुठे आहे आणि औषधाची किंमत किती, हे फोनवर Janaushadhi Sugam या ॲपमध्ये पाहता येतं, किंवा 1800-180-8080 या मोफत क्रमांकावर विचारता येतं.

स्वस्त म्हणजे कमअस्सल, ही शंका खेड्यात नेहमी ऐकू येते आणि तिची टिंगल करू नये. तिचं उत्तर असं की जनऔषधीसाठी चांगल्या उत्पादन पद्धतीचं प्रमाणपत्र असलेल्या कारखान्यांकडून औषधं घेतली जातात आणि मालाच्या प्रत्येक खेपेची प्रयोगशाळेत तपासणी होते. ब्रँडच्या गोळीत जाहिरात, प्रतिनिधींचे पगार आणि दुकानदाराचा मोठा नफा यांचा खर्च असतो. जनऔषधीच्या गोळीत तो नसतो. खात्री करण्याची साधी पद्धतही आहे. नवी गोळी सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी दाब मोजावा. आकडा पूर्वीसारखाच असेल तर गोळी काम करते आहे, मग तिचा रंग कोणताही असो.

पडावावर गोळी सांभाळणं हा वेगळा भाग आहे. टेल्मिसार्टनला हवेतली ओल सोसत नाही. स्ट्रिपमधून आधीच काढून डबीत भरून ठेवलेल्या गोळ्या ओल शोषतात आणि भुसभुशीत होतात. म्हणून गोळी घेतानाच स्ट्रिप फोडावी. आठवड्याच्या गोळ्या एका डबीत काढून ठेवण्याची सवय चांगली असली, तरी या औषधाला ती चालत नाही. स्ट्रिपची पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात घालून तो डबा झोपडीत सावलीच्या जागी, धान्याच्या पिशवीत ठेवता येतो. छपराला टांगलेली पिशवी दुपारी तापते, आणि चुलीजवळचा कोपराही नको. सगळ्या गोळ्या एकाच ठिकाणी न ठेवता दहाएक दिवसांच्या वेगळ्या ठेवल्या, तर पडाव हलवताना एक गाठोडं हरवलं तरी खंड पडत नाही.

गोळी कधी घ्यायची, हा पडावावरचा खरा पेच. पहाटे अंधारात तोड सुरू होते, रात्री-अपरात्री कारखान्याची गाडी आली की भरायला उठावं लागतं, आणि ‘जेवणानंतर’ या शब्दाला काही ठिकाणाच राहत नाही. 2022 मध्ये ब्रिटनमधल्या एकवीस हजारांहून जास्त रुग्णांच्या अभ्यासात आढळलं की गोळी सकाळी घेतली किंवा रात्री घेतली तरी हृदयविकार आणि पक्षाघातापासून मिळणाऱ्या संरक्षणात फरक पडत नाही. म्हणून वेळ आपल्या सोयीची ठरवावी आणि ती एखाद्या न चुकणाऱ्या कामाला जोडावी. शेतात निघण्याआधी पहिला चहा होतो, त्या चहाबरोबर गोळी घेतली की ती सहसा विसरत नाही. एखाद्या दिवशी राहिलीच, तर त्याच दिवशी आठवताक्षणी घ्यावी. दुसऱ्या दिवशी मात्र दोन एकदम घेऊ नयेत.

क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायाझाइड घेणाऱ्या बायकांची अडचण वेगळी असते, आणि डॉक्टरांसमोर ती क्वचितच बोलली जाते. या औषधांनी लघवी जास्त होते. उघड्या शेतात, पुरुषांच्या सोबतीने काम करताना दर तासा-दोन तासांनी आडोसा शोधणं शक्य नसतं, मग पाणी कमी प्यायलं जातं किंवा गोळीच टाकून दिली जाते. पाणी न पिता उन्हात राबणाऱ्या शरीरात सोडियम-पोटॅशियम घसरतं, चक्कर येते, पायांत गोळे येतात. हे निघण्याआधी डॉक्टरांना सरळ सांगावं. अ‍ॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टनची मात्रा वाढवून काही रुग्णांचा दाब आटोक्यात ठेवता येतो, मग तिसऱ्या औषधाची गरज त्या काळापुरती तरी टळू शकते. ठरवायचं ते डॉक्टरांनी, पण कारण सांगितलं नाही तर ते ठरवणार कसे? नंदुरबारमध्ये सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. घरात कोणाला तो आजार असेल किंवा स्वतःला असेल, तर लघवी वाढवणारं औषध लिहिण्यापूर्वी तेही कळवावं, कारण शरीरातलं पाणी कमी होणं अशा रुग्णाला सोसत नाही.

आता परगावी गोळ्या संपल्या तर काय, हे पाहू. पहिली गोष्ट म्हणजे औषध मिळण्यासाठी धानोऱ्यालाच परतावं लागत नाही. गुजरातेतलं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा तिथलं आयुष्मान आरोग्य मंदिर हे महाराष्ट्रातल्या रुग्णालाही उघडं आहे. जुनी उपचार पुस्तिका किंवा डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली की काम सोपं होतं. म्हणून निघताना दोन वस्तू जवळ हव्यात. एक, पुस्तिकेचा आणि चिठ्ठीचा स्पष्ट फोटो फोनमध्ये. दुसरी, सध्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपचा फोटो, ज्यात मूळ नाव आणि मिलिग्रॅम वाचता येतील. फोन हरवू शकतो, म्हणून या फोटोंची एक छापील प्रत कागदपत्रांत राहू द्यावी. आभा क्रमांक काढलेला असेल तर तोही लिहून घ्यावा, नोंद शोधायला त्याचा उपयोग होतो. अ‍ॅलोपॅथी डॉक्टरांची मूळ नावं असलेली चिठ्ठी राज्याच्या सीमेपलीकडच्या दुकानातही चालते, तिला राज्याची हद्द नसते. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे हे या भागात सगळ्यांना ठाऊक असतं, आणि रोज तिथून ये-जा करणारेही चिठ्ठी तिकडच्या दुकानात चालते का, असं विचारतात. चालते.

इथे सगळ्यात मोठा धोका दडलेला आहे. तो गोळ्या कमी पडण्याचा नाही, दुप्पट होण्याचा आहे. तिकडच्या डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिनच दुसऱ्या ब्रँड नावाने दिलं आणि घरून आणलेलं अ‍ॅम्लोडिपिन चालूच राहिलं, तर एकाच औषधाची दुप्पट मात्रा पोटात जाते. घोटे सुजतात, डोकं दुखतं, उठताना चक्कर येते. केंद्राने टेल्मिसार्टनऐवजी लोसार्टन दिलं असेल तर ते त्याच गटातलं औषध आहे, दोन्ही एकत्र घ्यायची नसतात. ‘एस-अ‍ॅम्लोडिपिन 2.5’ ही गोळी साध्या अ‍ॅम्लोडिपिन 5 च्या जागी येते, आकडा कमी दिसला म्हणून दोन घ्यायच्या नाहीत. मग ब्रँड नावाच्या शेवटी येणारी अक्षरं वाचायला शिकायला हवं. टेल्मिसार्टनच्या बऱ्याच ब्रँडमध्ये नावापुढे ‘एएम’ असेल तर आत अ‍ॅम्लोडिपिनही आहे, ‘एच’ असेल तर हायड्रोक्लोरोथायाझाइड, ‘सीटी’ असेल तर क्लोरथॅलिडोन. अ‍ॅम्लोडिपिनच्या काही ब्रँडपुढे ‘एटी’ लिहिलेलं असतं, त्यात अ‍ॅटेनोलॉल असतं. अक्षरांवर पूर्ण विसंबू नये, खाली बारीक अक्षरांत मूळ नावं असतात तीच वाचावीत, किंवा दुकानदाराकडून वाचून घ्यावीत. नवी चिठ्ठी हातात आली की जुन्यापैकी कोणती गोळी बंद करायची, हा प्रश्न डॉक्टरांना तिथल्या तिथे विचारावा.

गोळी एक-दोन दिवस चुकणं आणि काही आठवडे बंद राहणं, यांत फरक आहे. अ‍ॅम्लोडिपिन शरीरात सावकाश उतरतं, तीस ते पन्नास तासांत निम्मं होतं, म्हणून एका दिवसाच्या चुकीने लगेच उधाण येत नाही. पण दोन-तीन आठवड्यांच्या खंडात दाब पूर्वीच्या जागी परत चढतो, आणि त्रास मात्र जाणवेलच असं नाही. ‘बरं वाटतंय, मग गोळी कशाला’ हा तर्क याच शांततेतून येतो. अ‍ॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल अचानक थांबवणं मात्र वेगळं प्रकरण आहे. हृदयाचे ठोके वेगाने वाढू शकतात, हृदयविकार असेल तर छातीत दुखू शकतं. क्लोनिडिन अचानक सुटलं तर दाब एकदम उसळतो. या गोळ्या घेणाऱ्याने उरलेला साठा आठवड्यावर आला की पुढची सोय करायलाच हवी, आणि त्या बंद करायच्या असतील तर डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी कराव्यात. खंड पडून गेलाच असेल, तर आधी जवळच्या केंद्रात दाब मोजावा आणि मग पूर्वीच्याच मात्रेने सुरुवात करावी की नाही, हे विचारावं. भरपाई म्हणून जास्त गोळ्या कोणीही घेऊ नयेत.

दिवसभर कोयता चालवून पाठ, खांदे, मनगट दुखतात, आणि त्यावर पडावाजवळच्या दुकानातून डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनच्या गोळ्या घेतल्या जातात. या वेदनाशामकांनी दाब वाढतो, आणि टेल्मिसार्टन व लघवीच्या गोळीसोबत रोज घेतल्यास मूत्रपिंडांना इजा होते. बीपीची गोळी नियमित असूनही आकडा खाली येत नसेल, तर डॉक्टरांनी विचारण्याआधीच हे सांगावं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित आहे. जुलाब-उलट्या सुरू असतील तेव्हा टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी पोट ठीक होईपर्यंत थांबवावी का, हे डॉक्टरांना किंवा 104 या आरोग्य हेल्पलाइनवर विचारावं, आणि बरं वाटल्यावर ती पुन्हा सुरू करायचं लक्षात ठेवावं. टेल्मिसार्टन गरोदरपणात घ्यायचं नसतं. दिवस राहिल्याची शंका आली तरी लगेच केंद्रात जावं.

थांबायचं नाही असेही काही प्रसंग असतात. एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, छातीत दाब आणि घाम, अचानक धाप लागणं किंवा दिसणं बिघडणं, यांपैकी काही झालं तर गोळी शोधत बसू नये. 108 महाराष्ट्रात आणि गुजरातेतही चालतो. पडावाला नीट पत्ता नसतो, म्हणून आल्या दिवशीच मुकादमाकडून गावाचं, पाणंदीचं आणि जवळच्या कारखान्याचं किंवा साखर सोसायटीचं नाव विचारून फोनमध्ये लिहून ठेवावं.

हंगामापुरतं नाही, कायमचं सुरतेला किंवा नाशिकला बिऱ्हाड हलवायचं असेल, तर नोंदही हलवावी. धानोऱ्यातल्या केंद्राला नवा पत्ता सांगून त्यांच्याकडून मात्रा, शेवटचे दाबाचे आकडे आणि तपासण्यांचे अहवाल लिहून घ्यावेत, आणि नव्या ठिकाणच्या सरकारी दवाखान्यात पहिल्या महिन्याच्या आतच नाव घालावं. घरातल्या गोळ्या संपेपर्यंत वाट पाहू नये.

ऊसतोडीला गेलेल्यांपैकी बरेच जण होळीला गावी येतात. तोपर्यंत साधारण चार महिने झालेले असतात आणि काहींना पुन्हा महिनाभर जायचं असतं. होळीच्या गडबडीतही आरोग्य केंद्रात एक फेरी मारता येते. पाच मिनिटं शांत बसून, चहा आणि तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ देऊन दाब मोजावा, उरलेल्या स्ट्रिप मोजून दाखवाव्यात. गोळ्या 160 नेल्या होत्या आणि 60 उरल्या, तर किती दिवस चुकले हे डॉक्टरांना तिथेच कळतं, आणि दाब जास्त निघाला तरी मात्रा वाढवण्याआधी त्यांना विचार करता येतो. टेल्मिसार्टन किंवा लघवीची गोळी घेणाऱ्यांनी याच फेरीत क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची तपासणीही सांगितल्याप्रमाणे करून घ्यावी. मग पुढच्या मुक्कामाचे दिवस मोजावेत, त्यात दहा मिळवावेत आणि तेवढ्या गोळ्या घेऊनच निघावं.